पाच तारा, पाच फाइली

रविवार, रात्रीचे साडेअकरा

दादाच्या जुन्या खोक्यात आज ‘हिस्टेरिया’ची कॅसेट सापडली. डेफ लेपर्ड या ब्रिटिश रॉक बँडचा हा अल्बम १९८७ च्या ऑगस्टमध्ये आला. आमच्या घरी तो त्यानंतर काही वर्षांनी पोहोचला आणि केबलवर एमटीव्ही दिसू लागल्यावर तर दादाच्या खोलीतून दुसरे काही ऐकूच येईना. मी त्याच्याहून पाच वर्षांनी धाकटी असल्यामुळे नियमाप्रमाणे मला त्याच्या आवडीचा तिरस्कार करायचाच होता, आणि निर्वाणा हा बँड हाती लागल्यावर त्या तिरस्काराला एक भक्कम कारणही मिळाले. फुगवलेले केस, डोळ्यांतले काजळ, घट्ट चामडी विजारी आणि स्टेडियमच्या छतापर्यंत जाणारे धूर या सगळ्या ‘ग्लॅम’ थाटाविरुद्ध निर्वाणासारख्या बँडांच्या खरखरीत ग्रंजने बंड केले, हे मी तेव्हापासून आजतागायत लोकांना सांगत आले आहे. आज दुपारी मात्र पहिल्यांदा वाटले की हे बंड कपड्यांत शोधण्याआधी ध्वनिमुद्रणात शोधायला हवे होते.

निमित्त एका कॉर्डचे, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुडग्याचे, झाले. ‘हिस्टेरिया’तील गिटारींबद्दल बँडचा गिटारवादक फिल कॉलेनने मुलाखतींमधून सांगितलेली एक गोष्ट मला ठाऊक होती, पण मी ती कधी करून पाहिली नव्हती. निर्माता मट लँग काही ठिकाणी गिटारवादकांना अख्खी कॉर्ड वाजवूच देत नसे. कॉर्डमधला एकेक स्वर वेगळा वाजवून वेगळा मुद्रित करायचा आणि मग ते सगळे स्वर एकावर एक ठेवून कॉर्ड उभी करायची, अशी त्याची पद्धत होती. भाच्याने सुट्टीत आणलेला ध्वनिमुद्रणाचा छोटा डबा इथेच राहिला आहे. तेव्हा जेवण उरकून मी घाईघाईने गिटार सुरात लावली, आवाज खरखरीत करणारे डिस्टॉर्शनचे पेडल जोडले आणि ‘ए मेजर’ ही साधी, पहिल्या आठवड्यात शिकवली जाणारी कॉर्ड दोन प्रकारे मुद्रित केली. एकदा पाचही तारा एकदम छेडून, आणि एकदा पाच तारा पाच वेळा, पाच वेगळ्या फाइलींत.

फरक इतका ढळढळीत असेल असे वाटले नव्हते. एकदम छेडलेली कॉर्ड खालच्या अंगाला गढूळ होती, तिच्या तळाशी काहीतरी घरघरत होते. तारागणिक जोडलेली कॉर्ड काचेसारखी स्वच्छ आणि प्रचंड मोठी वाटत होती, जणू ती माझ्या खोलीत वाजलीच नव्हती.

ही घरघर येते कुठून, हे कागदावर मांडता येते. डिस्टॉर्शनमधून दोन स्वर एकत्र गेले की ते आपल्यापुरते राहत नाहीत. त्यांच्या कंपनसंख्यांच्या फरकाइतका एक तिसराच स्वर जन्माला येतो. ‘ए’ कॉर्डमधली खालची तार सेकंदाला ११० कंपने देते आणि तिच्यावरची साधारण १६५. त्यांचा फरक ५५, म्हणजे तोच ‘ए’, फक्त एक सप्तक खाली. हा पाहुणा घरचाच आहे, त्याने कॉर्ड उलट भरदार होते. खरी गडबड करते ती दुसरी तार. तिची कंपने साधारण २७७. तिच्या खालच्या तारेशी (२२०) तिचा फरक येतो ५७ आणि वरच्या तारेशी (३३०) येतो ५३ च्या जरा खाली. म्हणजे तळाशी ५५, ५७ आणि ५३ च्या आसपासचे तीन स्वर एकमेकांना कोपराने ढोसत उभे. आपल्याला जी घरघर ऐकू येते ती हीच. प्रत्येक तार स्वतंत्रपणे पेडलमधून गेली तर तिला भेटायला दुसरी तारच नसते आणि हे अनाहूत स्वर जन्मत नाहीत. लँगचा हट्ट विक्षिप्त होता, पण त्यामागे तर्क पक्का होता.

आता या स्वच्छतेची किंमत. माझ्या पाच तारा बरोबर एकाच क्षणी सुरू व्हाव्यात म्हणून मला प्रत्येक फाइल मिलिमीटर-मिलिमीटर सरकवावी लागली आणि एका कॉर्डला चाळीस मिनिटे गेली. सगळे जुळल्यावर जाणवले की हात तारांवरून फिरताना वरची तार खालच्या तारेपेक्षा किंचित उशिरा वाजते, तो उशीरच आता नाहीसा झाला आहे आणि माझी गिटार सिंथेसायझरसारखी वाजते आहे. ‘हिस्टेरिया’ला तीन वर्षांवर काळ लागला, हे आता मला नवल वाटत नाही. अर्थात त्या दिरंगाईला अपघातही कारण होता. ३१ डिसेंबर १९८४ रोजी ड्रमवादक रिक अ‍ॅलनने डावा हात गमावला आणि पायाने चालवायच्या पॅडवर तो पुन्हा वाजवायला शिकला. ग्लॅमच्या ‘अतिरेका’बद्दल बोलताना मी फक्त केसांच्या स्प्रेबद्दल बोलत असे, हे आज थोडे लाजिरवाणे वाटले. हाही अतिरेकच, पण कष्टाचा.

मग दुसऱ्या टोकाला गेले. निर्वाणाचा पहिला अल्बम ‘ब्लीच’ सिअ‍ॅटलमधल्या रेसिप्रोकल रेकॉर्डिंग या लहानशा स्टुडिओत जॅक एन्डिनोने मुद्रित केला. त्याचा खर्च ६०६ डॉलर १७ सेंट, मुद्रणाचा वेळ जेमतेम तीस तास. तेवढे पैसेही बँडकडे नव्हते. ते जेसन एव्हरमनने दिले, म्हणून अल्बमच्या श्रेयनामावलीत गिटारवादक म्हणून त्याचे नाव आहे, जरी त्या मुद्रणात त्याने एक स्वरही वाजवलेला नाही. (उसने पैसे देऊन इतिहासात गिटारवादक होण्याचा हा मार्ग मला फार आवडतो.) मुद्रण आठ ट्रॅकांच्या यंत्रावर झाले. आठातले काही ट्रॅक ड्रमना, एक बासला, एक गायनाला दिला की गिटारीला उरतात मोजून दोन-तीन. म्हणजे माझी दुपारची पाच तारांची एक कॉर्डसुद्धा त्या यंत्रावर नीट मावली नसती. या संगीताचा खरखरीतपणा ही वैचारिक भूमिका होती हे खरे, पण तासाचा दर आणि ट्रॅकांची संख्या यांनी ती भूमिका घेणे अगदी सोपे करून ठेवले होते.

लॉस एंजेलिसच्या सनसेट स्ट्रिपवर त्या काळी वेगळाच हिशेब चालत असे. तिथल्या अनेक क्लबांत नव्या बँडला आपल्याच कार्यक्रमाची तिकिटे आधी क्लबकडून विकत घ्यावी लागत आणि मग ती खपवत फिरावे लागे. गर्दीत उठून दिसण्यावर पोट असेल तर केस आणखी फुगणारच. सिअ‍ॅटल तिथून रस्त्याने अठराशे किलोमीटर दूर. बघायला येणारे बहुतेक दुसऱ्या बँडमधले मित्रच, त्यांच्यासमोर काजळ घालून काय मिळणार? तिथल्या मडहनी या बँडने तर १९८८ मध्ये आपल्या पहिल्या ईपीला, म्हणजे छोट्या अल्बमला, ‘सुपरफझ’ आणि ‘बिग मफ’ या दोन फझ पेडलांचेच नाव दिले. गढूळपणा लपवायचा नाही, तो पाटीवर लिहायचा.

मात्र सीमारेषा मी वर्षानुवर्षे सांगत आले तितकी स्वच्छ नव्हती. अ‍ॅलिस इन चेन्सची सुरुवात ग्लॅम बँड म्हणूनच झाली. पर्ल जॅमचे स्टोन गॉसर्ड आणि जेफ अमेंट आधी मदर लव्ह बोन या बँडमध्ये होते आणि त्या बँडचा गायक अँड्र्यू वुड रंगमंचावरच्या झगमगाटाचा उघड भक्त होता. १९९० च्या मार्चमध्ये तो गेला नसता तर सिअ‍ॅटलची ओळख कोणत्या कपड्यांत झाली असती, कोण जाणे.

आणि सर्वांत मोठी अडचण निर्वाणाच्याच ‘नेव्हरमाइंड’ची. ज्या अल्बमने ११ जानेवारी १९९२ च्या बिलबोर्ड यादीत मायकल जॅक्सनला खाली ढकलले, तो अल्बम आज हेडफोन लावून नीट ऐकला. गिटारी डाव्या-उजव्या बाजूंना दुहेरी आहेत. गायक कर्ट कोबेनचा आवाजही जागोजागी दुहेरी आहे. त्याला ते नको होते, तेव्हा जॉन लेननही असेच करत असे, हे सांगून निर्माता बुच व्हिगने त्याला राजी केले. मिक्सिंग अँडी वॉलेसचे. स्लेअर या मेटल बँडसाठी केलेल्या कामामुळे बँडला त्याचे नाव पटले आणि त्याने ड्रमना असा काही पोत दिला की ते थेट मोठ्या सभागृहात जाऊन बसले. पुढे कोबेननेच कुरकुर केली की हा अल्बम पंकपेक्षा मॉटली क्रू या ग्लॅम बँडच्या जवळचा वाटतो. लहानपणी मी हे त्याचे नखरे समजत असे. आज ‘हिस्टेरिया’नंतर लगेच ऐकल्यामुळे त्याला काय टोचत होते ते कानाला कळले. ग्लॅमला बाजूला सारणारा अल्बम ग्लॅमच्याच कारागिरीचा बराचसा भाग घेऊन आला होता. फरक इतकाच की व्हिगने कॉर्ड तारागणिक फोडली नाही. हात फिरताना होणारा तो उशीर शाबूत ठेवला आणि मग अख्खी कॉर्ड दोनदा वाजवून घेतली.

म्हणून १९९३ च्या फेब्रुवारीत निर्वाणाची मंडळी मिनेसोटातल्या पॅकिडर्म स्टुडिओत ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनीकडे गेली आणि दोनेक आठवड्यांत ‘इन युटेरो’ हा अल्बम उरकून बाहेर पडली. ड्रम खोलीत वाजतात तसे, गायनाचा आवाज जरा मागे. पण तिथेही शेवटी दोन गाण्यांचे मिक्सिंग स्कॉट लिटकडून पुन्हा करून घेतले गेले आणि बाकीच्या गाण्यांवर मास्टरिंगच्या शेवटच्या टप्प्यात थोडा हात फिरला. बंडखोर माणसालाही आपला आवाज लोकांना ऐकू यावा असे वाटतेच, आणि तो किती स्वच्छ केला म्हणजे पुरे, हे ठरवताना त्याची झोप उडते.

रात्री मी तिसरी फाइल केली. पाचही तारा एकदम, दोनदा, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. घरघर होतीच, पण ती आता दोन बाजूंना पसरली आणि अचानक आवडू लागली. मग तिन्ही फाइली कोणतेही नाव न देता दादाला पाठवल्या आणि यातली तुझी कोणती, असे विचारले. मला खात्री होती की तो पाच फाइलींच्या काचेवर बोट ठेवेल.

त्याचे उत्तर आत्ता आले. “अगं, तिन्हींत चौथी तार उतरलेली आहे. आधी गिटार लाव.”

ट्यूनर काढून पाहिला. उतरलेली आहे.