पहाटे चढणारा अपस्ट्रीम

केबल ब्रॉडबँडच्या कामात 'रात्री नेट जातं' ही तक्रार कुणालाच नको असते. आमची माणसं फिरतात दुपारी. दुपारी मॉडेमचे सगळे दिवे लागलेले, स्पीड टेस्ट झकास, मग 'ओके' असा शेरा मारून तक्रार बंद. दोन दिवसांनी तीच तक्रार पुन्हा उघडते. कोथरूडमधल्या एका जुन्या चार मजली सोसायटीतली अशीच एक तक्रार डिसेंबरात माझ्याकडे आली, तेव्हा तिच्यावर आधीच्या मंडळींचे बरेच 'ओके' जमले होते.

ग्राहक होत्या हवामान खात्यातून निवृत्त झालेल्या एक बाई. दार उघडल्या उघडल्या त्यांनी माझ्या हातात वही दिली. "आधी हे वाचा, मग मॉडेमला हात लावा."

वहीत तारीख, वेळ, बाल्कनीतल्या तापमापकाचा आकडा आणि पुढे मॉडेमच्या स्टेटस पानावरची आकड्यांची रांग होती. पुतण्यानं त्यांना ब्राउझरमध्ये 192.168.100.1 टाकायला शिकवलं होतं. बहुतेक केबल मॉडेमचं स्वतःचं पान ह्या पत्त्यावर उघडतं, इंटरनेट बंद असलं तरी. ग्राहकाला हे पान माहीत असणं हीच दुर्मीळ गोष्ट, आणि ह्या बाई ते दिवसातून तीन वेळा उतरवून घेत होत्या.

त्या पानावर पाहायचे आकडे तसे तीनच. पहिला डाउनस्ट्रीम पॉवर, म्हणजे आमच्याकडून आलेला सिग्नल मॉडेमला किती जोरात ऐकू येतोय. तो डीबीएमव्हीमध्ये असतो आणि शून्य म्हणजे एक मिलिव्होल्ट. त्यामुळे उणे आकडा दिसला म्हणून घाबरायचं काही नाही, शून्याच्या आसपास तो असायलाच हवा. उणे ७ ते अधिक ७ मध्ये असला की आम्ही पुढे सरकतो. डॉक्सिस, म्हणजे केबलवरून इंटरनेट चालवायचं जे मानक, त्याच्या नियमात उणे १५ ते अधिक १५ पर्यंत चालतं, पण त्या टोकाला मॉडेम कसाबसा तग धरतो.

दुसरा एसएनआर, गोंगाटाच्या वर सिग्नल किती डीबी उभा आहे ते. २५६ क्वॅम ह्या माहिती भरण्याच्या पद्धतीवर चालणाऱ्या चॅनेलला ३३ च्या वर हवा, ३६-३७ असला तर छान. हे दोन आकडे जोडीनंच वाचायचे असतात. पॉवर पडलीय आणि एसएनआरही पडलाय, तर वाटेत सिग्नल गळतोय: केबलमध्ये पाणी, नको तितके स्प्लिटर, गंजलेला कनेक्टर. पॉवर उत्तम आणि एसएनआर मात्र २९, तर गोंगाट आधीच कुठेतरी मिसळलाय. तिथे घरात कितीही मोठा अँप लावा, तो सिग्नलबरोबर गोंगाटही तेवढाच वाढवणार.

तिसरा आकडा अपस्ट्रीम पॉवर, आणि लोक चुकीचा वाचतात तो हाच. हा मॉडेमला ऐकू येणारा सिग्नल नाही. मॉडेम स्वतः किती जोरात ओरडतोय ते हा सांगतो. आमच्या कंट्रोल रूममधला सीएमटीएस प्रत्येक मॉडेमला सतत सांगत असतो, थोडा वाढव, थोडा कमी कर, म्हणजे सगळ्यांचे आवाज त्याच्यापाशी सारख्या पातळीवर पोचतील. म्हणून हा आकडा जितका मोठा तितकी परतीच्या वाटेत अडचण जास्त. ३८ ते ४८ बरा. पन्नाशी ओलांडली की मी केबल तपासायला निघतो.

आता वही. दुपारी ३ ला, २८ अंश तापमानाला, डाउनस्ट्रीम ०, एसएनआर ३७, अपस्ट्रीमचे दोन चॅनेल ४४ आणि ४४. रात्री ११ ला अपस्ट्रीम ४८ आणि ४७. पहाटे ५ ला, ११ अंशाला, ५४ आणि ५२. त्यापुढे लाल शाईत 'बंद पडले'. ह्या सगळ्या वेळात डाउनस्ट्रीम उणे अर्ध्याच्या खाली गेलेला नव्हता आणि एसएनआर तर ३७ वरून हललाच नव्हता.

दोन चॅनेल एकत्र चालू असताना ६४ क्वॅमवर डॉक्सिस ३.० चा मॉडेम एका चॅनेलला जास्तीत जास्त ५४ पर्यंत जाऊ शकतो. म्हणजे पहाटे तो छताला टेकत होता. ४४ वरून ५४ म्हणजे शक्ती दहापट. त्याहून वाढवता येत नाही, सीएमटीएसला ऐकू जात नाही, आणि मग पानावरच्या लॉगमध्ये ही ओळ एकाखाली एक येते:

```
Started Unicast Maintenance Ranging - No Response received - T3 time-out
```

मॉडेमनं हाक मारली आणि ओ आली नाही, एवढाच तिचा अर्थ. अशा सलग सोळा हाका वाया गेल्या की मॉडेम सगळं सोडून पहिल्यापासून जोडणी करायला बसतो. बाईंच्या लाल शाईचं कारण हे.

"थंडी आणि हा आकडा एकत्र चालतात," बाई म्हणाल्या. "तुमच्या मुलांना सांगितलं तर हसले. एकानं तर बूस्टर लावून दिला."

तो बूस्टर कपाटावर काढून ठेवलेला दिसला. टीव्हीसाठी मिळतो तो साधा, एकाच दिशेचा. त्यानं डाउनस्ट्रीमचा आकडा चढवला असणार, पण अशा बूस्टरमधून मॉडेमचा आवाज उलट दिशेनं जातच नाही. तो लावल्यावर मॉडेम दिवसासुद्धा लागेना, तेव्हा बाईंनीच काढून टाकला. परतीची वाट नसलेला बूस्टर मॉडेमच्या आधी बसवणाऱ्याला खरं तर पगारातून कापायला हवं.

कोड्याची किल्ली अशी: केबलमधून १० डीबी सरळ सरळ गळत असते, उदाहरणार्थ कुणी मधे चार वाटांचा स्प्लिटर घालून वर आणखी जोड दिले असते, तर डाउनस्ट्रीमही शून्यावरून उणे १० च्या आसपास यायला हवा होता. गळती दोन्ही दिशांना जवळपास सारखीच लागते. इथे जाणारा सिग्नल १० नं अडत होता आणि येणारा अर्ध्यानं. दोघांत फरक एकच, फ्रिक्वेन्सी. आमचा डाउनस्ट्रीम ३०० मेगाहर्ट्झच्या वर, अपस्ट्रीमचे दोन चॅनेल २६ आणि ३४ वर. म्हणजे वाटेत असं काहीतरी होतं जे खालच्या फ्रिक्वेन्सीला अडवतं आणि वरच्यांना जाऊ देतं. वहीत त्याचा आणखी एक पुरावा होता. पहाटेचा ५४ हा २६ मेगाहर्ट्झच्या चॅनेलचा होता आणि ५२ हा ३४ च्या. दुपारी दोघे सारखे, पण पहाटे जो खाली त्याला जास्त जाच.

केबलमध्ये पाणी शिरलं असतं तर चित्र उलटं दिसलं असतं, वरच्या फ्रिक्वेन्सी आधी मेल्या असत्या. खालच्या अडणं हे कपॅसिटरचं वागणं. आणि आमच्या लाईनवर कपॅसिटर कुणी मुद्दाम लावत नाही. तो आपोआप तयार होतो, मधली तांब्याची तार समोरच्या पकडीला टेकायच्या ऐवजी केसभर अंतरावर उभी राहिली की.

तरी आधी कंट्रोल रूमला फोन लावून, ह्या भागाला सिग्नल वाढवून देणाऱ्या आमच्या लाईनवरच्या त्याच अँपवरचे बाकीचे मॉडेम पहाटेच्या नोंदींत पाहायला सांगितले. सगळे ४२ ते ४५. अँपचा परतीचा भाग बिघडला असता तर सगळेच चढले असते. परतीच्या वाटेवर गोंगाट शिरला असता, तरी त्रास एकट्या बाईंना झाला नसता. तो गोंगाट ह्या पानावर दिसतही नाही. मॉडेमचं पान फक्त डाउनस्ट्रीमचा एसएनआर दाखवतं. अपस्ट्रीमचा एसएनआर सीएमटीएसवरच कळतो, तिथे सगळ्या घरांचा कचरा एकत्र येऊन पडतो. त्यामुळे ग्राहकाकडे सगळे आकडे साजरे आणि तरी T3 चा पाऊस, असंही होतं. तेव्हा घरात शोधण्यात अर्थ नसतो.

म्हणजे दोष मुख्य लाईनवरून घराघराला फाटे देणाऱ्या टॅपपासून मॉडेमपर्यंतच्या ह्या एका केबलवर, आमच्या भाषेत ड्रॉपवर, आणि तो थंडीतच पकडायचा. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत लाईनमनला घेऊन सोसायटीत पोचलो. तो रस्ताभर कुरकुरत होता, त्याला चहाचं वचन दिलं होतं. बाई स्वेटर घालून लॅपटॉपसमोर. "५३ आणि ५१," त्यांनी जिन्यातूनच ऐकवलं.

घरातला, भिंतीवरच्या प्लेटमागचा आणि खिडकीबाहेरचा जोड पिळून, हलवून पाहिले. आकडा ढिम्म. गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी टॅपचा डबा होता. तिथून निघालेली आरजी-६ केबल कठड्यावरून सरळ खाली ताणलेली, कुठेही ढील नाही. लाईनमननं टॅपवरचा कनेक्टर नुसता आत दाबून धरला आणि मी खाली फोन केला. स्टेटस पानावरचा आकडा लगेच बदलत नाही, मॉडेमचं पुढचं रेंजिंग, म्हणजे सीएमटीएसला हाक मारून पातळी जुळवणं, व्हावं लागतं आणि पान पुन्हा उघडावं लागतं. थोड्या वेळानं बाई म्हणाल्या, "४४! दोन्ही ४४!" लाईनमननं हात सोडला. जरा वेळानं पुन्हा पन्नाशीच्या वर.

कनेक्टर उघडला. मधली तार त्याच्या तोंडाबाहेर साधारण ३ मिलिमीटर यायला हवी. इथे ती तोंडाच्या आतच राहिली होती आणि टोक काळं पडलेलं. बसवणाऱ्यानं आखूड कापली होती. वर केबल ताणून बांधलेली, त्यामुळे थंडीत आकसली की तार आणखी आत ओढली जायची. दुपारी उन्हानं गच्ची तापली की केबल सैलावायची, तार पुन्हा पकडीला टेकायची आणि आमचा माणूस 'ओके' लिहून जायचा.

टोक कापून टाकलं, नीट सोललं, कॉम्प्रेशन कनेक्टर बसवला. टॅपपाशी केबलला एक वळसा दिला, म्हणजे ढीलही राहते आणि पावसाचं पाणी ओघळून जोडात शिरत नाही. लांबी पुरेना म्हणून कठड्यावरचे दोन क्लिप काढावे लागले. त्याच टॅपवरच्या शेजाऱ्यांचे कनेक्टरही उघडून पाहिले. एकाची तार अशीच आखूड होती, त्या घराची तक्रार अजून आली नव्हती इतकंच. तोही बदलला.

पुढच्या आठवड्यात बाईंचा फोन आला. पहाटे ९ अंशाला ४४ आणि ४४, लॉगमध्ये नवी T3 नाही. "पण संध्याकाळी आठ ते दहा नेट हळू चालतं," त्या म्हणाल्या, "आणि सगळे आकडे तर तुम्ही सांगितलेल्या मर्यादेत आहेत. मग आता कोणता रकाना पाहू?"

मी सांगितलं की त्याला रकाना नाही. त्या वेळी अख्खी गल्ली एकाच नोडवरचे, म्हणजे सगळ्या घरांच्या सामायिक जोडणी-ठिकाणावरचे, तेच चॅनेल वाटून घेत असते, आणि गर्दी किती आहे हे मॉडेमच्या पानावर कुठेच येत नाही. ते आमच्या बाजूच्या आलेखावर दिसतं, आणि त्यावर इलाज नोड दोनात विभागण्याचा.

"म्हणजे तो तक्ता तुम्ही ठेवायचा," बाई म्हणाल्या. "मला दर सोमवारी पाठवा."