नाशिकच्या पावसाळ्यात कापडी पॅड

उन्हाळ्यात कापडी पॅडचं काहीच कौतुक नसतं. एप्रिलमध्ये सकाळी दोरीवर टाकलेलं पॅड दुपारच्या जेवणाआधी पापडासारखं कडक होतं. खरा प्रश्न येतो तो त्र्यंबकच्या बाजूने भुरभुर सुरू झाली की. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागल्याचे फोटो मोबाइलवर फिरायला लागले, म्हणजे आमच्या इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये चार-चार दिवस ऊन दिसणार नाही हे ठरलेलं. आमची गॅलरी उत्तरेकडे आहे. तिथे तसंही ऊन फारसं येत नाही, आणि सोसायटीची गच्ची पावसात बंदच असते.

माझे पॅड दोन भागांचे आहेत. बाहेर बटणांच्या पंखांचं कव्हर, त्याच्या आत पाणी न झिरपणारा पातळ थर, आणि वरून ठेवायच्या सुती फ्लॅनेलच्या घड्या. घड्या सुट्या निघतात, उलगडतात आणि एकेरी वाळत घालता येतात. सगळे थर एकत्र शिवलेलं जाड पॅड पावसाळ्यात मी मुळीच घेणार नाही. ते वरून सुकतं आणि मध्ये ओलं राहतं, आणि बुरशीला नेमकं तेच हवं असतं.

धुण्याची पद्धत साधी आहे. वापरलेली घडी आधी थंड पाण्याखाली धरायची. गरम पाण्याने रक्तातलं प्रथिन धाग्यात बसतं आणि डाग पक्का होतो. मग अर्धा तास थंड पाण्यात भिजवून ते पाणी ओतून द्यायचं, साबण लावून चोळायचं आणि खळबळायचं. रात्रीची घडी सकाळी धुतली तर चालते, पण दोन-दोन दिवस बादलीत भिजत ठेवली तर त्या पाण्यातच जंतू वाढतात. कापड मऊ करणारं सुगंधी लिक्विड मी वापरत नाही. त्याचा थर बसला की कापड शोषत नाही, आणि सुगंधाने त्वचेची आग होऊ शकते. औषधी वासाचं जंतुनाशकही नाही. ते कापडात उरलं तर तासन् तास अंगाला लागून राहतं.

आता सुकवण्याविषयी. गेल्या पावसाळ्यात पंख्याखाली रात्रभर ठेवलेल्या घड्या सकाळी हाताला कोरड्या लागायच्या, पण पिशवीतून काढल्या की हलका कुबट वास. हात फसतो, हे तेव्हा कळलं. मग स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा काढला. आईंनी (म्हणजे सासूबाईंनी) बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, त्याच्यावर मी पुरणाची डाळ मोजते!" मी मध्ये ताटली ठेवली, तेव्हा कुठे त्या शांत झाल्या.

कडक उन्हात सुकलेली माझी घडी १८ ग्रॅम भरते. पावसाळ्यात "कोरडी" वाटणारी तीच घडी २४ ग्रॅम निघाली. म्हणजे चमचाभर पाणी आत होतं. एक गोष्ट मात्र लक्षात घ्यावी लागते. सुती कापड हवेतला दमटपणा ओढून घेतं, त्यामुळे पावसाळ्यात ते १८ वर येतच नाही. माझ्या घड्या १९-२० च्या आसपास थांबतात. म्हणून आकडा पाठ करण्यापेक्षा तासाभराने पुन्हा वजन करायचं. वजन उतरत असेल तर आत अजून पाणी आहे, थांबलं असेल तर सुकली. दर वेळी काटा काढायची गरज पडत नाही. दोन-तीन वेळा मोजून झालं की गालाला लावून कळायला लागतं. आत ओल असेल तर गालाला गार लागतं.

ऊन नसेल तेव्हा मी घड्या पातळ कापडात गुंडाळून सेमी-ऑटोमॅटिकच्या ड्रायरमध्ये फिरवते, मग पंख्याखाली एकेरी पसरते. एकावर एक नाही. शेवटी इस्त्री. सुती घडीवर गरम इस्त्री फिरवताना वाफ येते. ती यायची थांबेपर्यंत दोन्ही बाजूंनी फिरवायची. कव्हरवर इस्त्री लावायची नाही, आतला थर सुटतो आणि मग गळती सुरू होते. कव्हर पातळ असल्यामुळे पंख्यावर सुकतंही लवकर.

ऊन पडलंच तर सकाळी दहा ते तीन घड्या बाहेर, मध्ये एकदा उलटून. खालच्या काकू स्वतःच्या घड्या ओढणीखाली झाकून वाळत घालतात. लाज समजते, पण झाकलं की वारा लागत नाही, ऊनही पोचत नाही, आणि ओल आत कोंडते. उन्हातले अतिनील किरण कापडाच्या वरच्या थरावर काम करतात. घडीच्या आत ते शिरत नाहीत. आतला भाग निर्धोक होतो तो उष्णतेने आणि पूर्ण कोरडं होण्याने. म्हणून उलगडून टाकायचं. कोणी बघेल असं वाटत असेल तर पुढच्या दोरीवर टॉवेल आणि मागच्या दोरीवर घड्या. मधल्या फटीतून वारा जातो.

एवढं सगळं नीट असूनही ऑगस्टमध्ये मला खाज सुटली. पाळीच्या दुसऱ्या दिवशी सुरुवात झाली. जांघेजवळ आणि बाहेरच्या कातडीवर लाली, थोडी जळजळ. औषधाच्या दुकानात सांगितलं तर न विचारता एक मलम हातात दिलं. "फंगलचं आहे ताई, दोन दिवसांत बरं वाटेल." मी ते लावलं नाही. तसंच घेऊन डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी ट्यूब उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचलं आणि क्लोबेटासोल या नावावर बोट ठेवलं. बुरशीच्या औषधात मिसळलेलं जोरदार स्टेरॉइड. त्याने खाज लगेच थांबते, पण बुरशी असेल तर ती आतून पसरते, आणि त्या नाजूक जागची कातडी पातळ होते. "तपासल्याशिवाय हे लावायचं नाही," एवढंच बोलल्या.

मग त्यांनी विचारलेले प्रश्न माझ्या जास्त कामाचे ठरले. खाज नेमकी कुठे आहे? पाळीनंतर थांबते का? अंगावरून जाणारं पांढरं बदललं आहे का? वास? लघवीला जळजळ? माझी लाली पॅड जिथे टेकतं तेवढ्याच भागात होती, जणू पॅडचा छापा. आतून काही नाही, स्राव नेहमीसारखा, वास नाही. मागच्या पाळीलाही थोडं असंच झालं होतं आणि पाळी संपल्यावर आपोआप गेलं होतं. त्यांनी तपासलं, कागदी पट्टीने आम्लता बघितली, आणि सांगितलं की संसर्ग नाही, कातडी चिडली आहे. कापडात काहीतरी राहतंय.

बुरशीचा संसर्ग असता तर काय दिसलं असतं, हेही विचारून घेतलं. दह्याच्या कवड्यांसारखा घट्ट पांढरा स्राव, आतपर्यंत तीव्र खाज, सूज, आणि पाळी गेल्यावरही न थांबणारा त्रास. पातळ करडा स्राव आणि मासळीसारखा वास येत असेल तर तो जिवाणूंचा प्रकार, त्याचं औषध वेगळं. लघवी करताना आग आणि सारखं जावंसं वाटणं ही मूत्रमार्गाची तक्रार. ही तिन्ही एकाच मलमाने बरी होत नाहीत. आणि ताप, ओटीपोटात दुखणं, फोड किंवा जखमा, दुर्गंधी, किंवा बाई गरोदर असेल, तर घरी थांबायचंच नाही.

कापडात काय राहतंय ते शोधायला मला फार लांब जावं लागलं नाही. त्या महिन्यांत सोसायटीचं नळाचं पाणी कमी झालं होतं आणि बोअरचं पाणी टाकीत चढत होतं. बोअरच्या जड पाण्यात वडीच्या साबणाला फेस कमी येतो, म्हणून हात जास्त साबण लावतो. त्या साबणाचा चिकट पांढरा राप धाग्यांत बसतो आणि साध्या खळबळण्याने निघत नाही. तपासायला मी धुतलेली, सुकलेली घडी स्टीलच्या वाडग्यात कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवली आणि चमच्याने दाबली. पाणी गढूळ झालं, कडेला फेस आला. नीट धुतलेल्या घडीचं पाणी स्वच्छ राहायला हवं.

सगळ्या घड्या बिनसाबणाच्या गरम पाण्यात भिजवल्या (डाग आधीच गेलेले होते, म्हणून गरम चाललं), पाणी दुधट व्हायचं थांबेपर्यंत बदलत राहिले. आता पिण्याच्या फिल्टरमधून टाकून दिलं जाणारं पाणी यासाठी वापरायचं नाही, ते तर आणखी जड असतं. शेवटचं खळबळणं नळाच्या पाण्यात, आणि धुताना साबणाऐवजी चिमूटभर बिनवासाची कपड्यांची पावडर. कातडीवर डॉक्टरबाईंनी दिलेलं साधं पेट्रोलियम जेली आणि सैल सुती कपडे, बाकी काही नाही. आतून धुवायचं नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. पुढच्या पाळीला लाली आली नाही. पॅड मात्र चार ते सहा तासांनी बदलायचंच, कितीही कमी भिजलं तरी. ओल्या कापडाने काचतं ते वेगळंच.

पावसाळ्यात ठेवणीची जागाही बदलली. बाथरूममधलं कपाट बंद, कारण तिथे गरम पाण्याची वाफ रोज जाते. आता घड्या सुती पिशवीत, बेडरूमच्या कपाटात वरच्या कप्प्यात, बाहेरच्या भिंतीला न टेकता. प्लास्टिकची पिशवी नाही, डांबरगोळ्या तर अजिबात नाहीत. इस्त्री केलेली घडी पूर्ण गार झाल्यावरच आत. पाळीच्या आधी दोन-तीन दिवसांत ऊन निघालं तर सगळ्यांना पुन्हा ऊन दाखवते, नाही निघालं तर इस्त्री.

दोन घड्यांवर काळे बारीक ठिपके दिसले, त्या टाकून दिल्या. ती बुरशी आहे आणि ती धुऊन खात्रीने जात नाही. धुऊनही वास राहणारी, कडक झालेली घडीही बाहेर. बुरशीचा संसर्ग झालाच, तर सुती घड्या दहा मिनिटं उकळून घ्यायला डॉक्टरबाईंनी सांगितलं आहे. आतला थर उकळीने फाटतो, म्हणून कव्हर उकळायचं नाही. तेव्हा मी कव्हर नवंच घेणार.