ओल्या फडक्यातली लिची

मे महिन्यात मंडईत थोडे दिवस असे येतात, की पुरंदरची शेवटची अंजिरं आणि मुझफ्फरपूरहून आलेली पहिली लिची एकाच गाळ्यावर दिसतात. मी दोन्ही घेते आणि घरी येईपर्यंत विसरते, की या दोघींचं एकमेकींशी अजिबात पटत नाही.

आंब्याची अढी लावणाऱ्या घरात वाढल्यामुळे मला वाटायचं, कुठलंही फळ घरी आणलं की पिकतं. म्हणून मी कडक अंजिरं निवडायची, 'टिकतील' म्हणून. ती मऊ पडायची, पण गोड कधी व्हायची नाहीत. शेवटी गाळ्यावरच्या मावशींनीच हात धरला. "ताई, मान बघा. मान ताठ ते कच्चं." पिकलेल्या अंजिराची देठाजवळची मान किंचित लवते, सालीवर बारीक चिरा पडतात, आणि ते आकाराच्या मानाने जड लागतं. देठातून पांढरा चीक येत असेल तर ते घाईने तोडलेलं. बुडाशी वास मात्र घ्यायचाच. आंबूस आला की आतून फसफसायला लागलं म्हणून समजा.

लिचीही घरी पिकत नाही. तिच्या सालीवरचे काटे बोथट, जरा सपाट झालेले बघायचे. टोकदार काट्यांची आंबट निघते. नुसत्या लाल रंगाला मी आता भुलत नाही. देठाशी ओलसर डाग किंवा बारीक भोक दिसलं तर बाजूला ठेवते. तिथे अळी असते, आणि ती भेटते नेमकी पाहुण्यांसमोर.

मागच्या वर्षी दोन्ही एकाच प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी अंजिरांना घाम आणि तिसऱ्या दिवशी पांढरी लव. मग पुढच्या खेपेला शहाणपणा म्हणून दोन्ही उघड्या ताटात. अंजिरं बरी राहिली, पण लिचीची सालं सुपारीसारखी तपकिरी, कडक.

लिचीची साल वाळली की काळवंडते, तिला ओल हवी. म्हणून आता घोसावरून ओरबाडत नाही, कात्रीने थोडा देठ ठेवून कापते, ओल्या पण पिळलेल्या फडक्यात गुंडाळते आणि भोकं पाडलेल्या पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवते. पाच-सहा दिवस निघतात. अंजिरं मात्र न धुता, पसरट डब्यात कोरड्या कागदावर, एकावर एक न ठेवता. तरी दोन दिवसांतच संपवायची.

परवा आईने तळाला राहिलेली एक तपकिरी लिची कचऱ्यात टाकायला उचलली. मी सोलून दाखवली. आत पांढरीशुभ्र, रसाने गच्च. "बरं," म्हणत तिने ती तोंडात टाकली आणि बी हातात घेऊन विचारलं, "आणखी आहेत का अशा काळ्या?"