उजवा ग्रुप

दीड महिना झाला तरी त्या रविवारचा हिशोब माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून एकदा नीट लिहूनच काढते.

कोथरूडमधल्या एका छोट्या कॅफेत मी मुख्य बरिस्ता आहे. आमचं एस्प्रेसो मशीन दोन ग्रुपचं आहे, म्हणजे गरम पाणी खाली सोडणारी तोंडं दोन, एकाच वेळी दोन हँडल लावून दोन शॉट काढता येतात. ग्राइंडर मात्र दोन्हींना मिळून एकच. बिया चिकमगळूरच्या, अरेबिका, भाजून नऊ-दहा दिवस झालेल्या. आमचं माप ठरलेलं आहे: १८ ग्रॅम पूड, कपात ३६ ग्रॅम कॉफी, वेळ २८ सेकंद. दोन-तीन सेकंद इकडेतिकडे झाले तर चालतात, त्याच्या पलीकडे गेलं की चव बोलायला लागते.

रविवारी साडेनऊला टेकडीवरून उतरलेली मंडळी येतात. त्या दिवशी पहिल्या अर्ध्या तासातच एक कॉर्टाडो, म्हणजे थोडं दूध घातलेली एस्प्रेसो, परत आला. आमचे नेहमीचे काका. आवाज न चढवता म्हणाले, "आज आंबट लागतेय, आणि मागून कडू." मी उरलेला शॉट चमच्याने चाखला. काकांचं बरोबर होतं. एकाच कपात आंबट आणि कडू लागतं तेव्हा बहुतेक वेळा पाण्याने पुडीत चोरवाट काढलेली असते. त्या वाटेवरच्या पुडीतून पाणी नको तेवढं ओढून घेतं आणि कडवटपणा आणतं, बाकीची पूड अर्धवट राहते आणि आंबट लागते. याला आम्ही चॅनलिंग म्हणतो.

घड्याळ बघितलं तर शॉट २१ सेकंदांत संपत होता. मी पूड एक काटा बारीक केली. पुढचा शॉट ३८ सेकंदांवर गेला. परत जाड केली, २४. परत थोडी बारीक, ४१. दहा-बारा ऑर्डर समोर उभ्या आणि मी ग्राइंडरची चकती रेडिओचं स्टेशन शोधावं तशी फिरवत होते. त्यातच दळण बदललं की पात्यांमध्ये अडकलेली जुनी पूड आधी बाहेर येते. ती काही ग्रॅम टाकून दिल्याशिवाय नवं दळण हातात येतच नाही. गर्दीत मी ती टाकत नव्हते, म्हणजे प्रत्येक निर्णय मागच्या दळणाकडे बघून घेत होते.

आणि मग मी ते वाक्य बोलले. दोन महिन्यांपूर्वी लागलेला पोरगा हँडलमधली पूड टॅम्परने दाबून शॉट काढत होता. सगळ्यांसमोर त्याला म्हणाले, "तुझा टॅम्प वाकडा पडतोय, बाजूला हो." तो बाजूला झाला. फक्त एवढंच म्हणाला, "ताई, उजवीकडं पाणी एकाच बाजूनं पडतंय." मी ऐकलं, पण ते मनापर्यंत पोचलं नाही.

मग मी स्वतः शॉट काढले आणि तेच झालं. २३, ३९, २२.

गर्दी ओसरल्यावर अकरा वाजता बिलाच्या कागदामागे लिहायला बसले. आधी दळण सकाळच्या खुणेवर परत आणलं आणि ठरवलं की आता त्याला हात लावायचा नाही. मग प्रत्येक डोस वजनकाट्यावर ठेवला. आमचा ग्राइंडर सेकंदांवर चालतो, ३.४ सेकंद फिरतो आणि तेवढ्यात १८ ग्रॅम पडतील असं गृहीत धरतो. पण हॉपरमध्ये बिया कमी झाल्या की वरचा भार कमी होतो आणि डोसही घसरतो. त्या दिवशी १७.२ पासून १८.५ पर्यंत काहीही पडत होतं. ते हाताने दुरुस्त करून प्रत्येक हँडलमध्ये बरोबर १८.० भरले. आणि वेळेच्या शेजारी एक अक्षर लिहिलं: डावा ग्रुप असेल तर डा, उजवा असेल तर उ.

त्या एका अक्षराने सगळं उलगडलं. डा: २८, २७, २९. उ: २२, ३१, २०.

सकाळी आम्ही दोन्ही ग्रुप आलटून पालटून वापरत होतो. उजवीकडचा शॉट भरभर पळाला म्हणून मी पूड बारीक केली आणि त्या बारीक पुडीने डावा ग्रुप तुंबला. डावा तुंबला म्हणून जाड केली की उजवा आणखी पळाला. दोष एकाच बाजूला होता. माझ्या इलाजाने तो दोन्हीकडे नेला आणि वरून बघताना सगळंच बेभरवशाचं दिसू लागलं.

आता दोष हँडलमध्ये की ग्रुपमध्ये, हे पाहायचं होतं. डावीकडचं हँडल उजव्या ग्रुपला लावलं आणि उजवीकडचं डाव्याला. शॉट बिघडत राहिले ते उजव्या ग्रुपवरच, म्हणजे हँडल आणि त्यातली पूड भरायची बास्केट निर्दोष. मशीनवाल्या मेकॅनिकला फोन केला. मे महिना, सोसायटीत टँकरचं जड पाणी, त्यामुळे त्याचं उत्तर तयारच होतं: "आत क्षार बसलेत मॅडम, मशीन न्यावं लागेल, दोन दिवस." न बघता. या लोकांना एक प्रश्न उलट विचारायची सवय असती तर किती दुकानांचे दिवस वाचले असते.

क्षाराची शंका मलाही होतीच. ग्रुपकडे जाणाऱ्या पाण्याच्या वाटेत एक जेट असतं, त्याचं भोक मिलिमीटरपेक्षाही बारीक. तिथे क्षार धरला की पाणीच कमी येतं. पण ते तपासायला मशीन उचलून न्यावं लागत नाही. हँडल न लावता ग्रुपखाली ग्लास धरायचा, दहा सेकंद पाणी सोडायचं आणि ग्लासातल्या पाण्याचं वजन करायचं. प्रत्येक बाजूला तीनदा केलं. डावीकडे ७१, ७०, ७१ ग्रॅम. उजवीकडे ७०, ६९, ७०. दोन्हीकडे पाणी सारखंच. जेट तुंबलेलं असतं तर हा आकडा ठळकपणे खाली आला असता. पंप तर दोन्ही ग्रुपना एकच आहे.

म्हणजे पाणी पुरेसं होतं. मग ते पडतं कसं, ते बघायला ग्लास बाजूला केला आणि वाकून ग्रुपच्या खाली डोळे नेले. डावीकडे पाणी ग्रुपच्या तोंडावरच्या साऱ्या जाळीभर, पावसाच्या सरीसारखं पडत होतं. उजवीकडे जाळीच्या मागच्या अर्ध्या भागातून जाड धार, आणि पुढच्या भागातून नुसते थेंब.

पोरानं सकाळीच सांगितलं होतं.

इथे थोडं आतलं सांगावं लागेल. शॉट संपला की पुडीवरचा दाब सोडायला एक व्हॉल्व्ह उघडतो आणि हँडलमधलं उरलेलं पाणी उलट्या दिशेने वर ओढून ड्रेनमध्ये सोडतो. त्या पाण्याबरोबर बारीक पूड आणि कॉफीचं तेल जाळीतून वर जातं. प्रत्येक शॉटला थोडं थोडं. म्हणून रोज रात्री आंधळी बास्केट, म्हणजे भोकं नसलेली, हँडलमध्ये बसवून त्यात क्लीनिंग पावडर टाकतो. दहा सेकंद चालू, दहा सेकंद बंद, असं पाच वेळा, आणि मग पावडरीचा अंश राहू नये म्हणून तितक्याच वेळा नुसत्या पाण्याने. या बॅकफ्लशने व्हॉल्व्ह आणि वाट साफ राहते. पण जाळीच्या मागच्या अंगाला चिकटलेला थर त्याने पूर्ण निघत नाही. त्यासाठी मधला स्क्रू काढून जाळी आणि तिच्या वरची पितळी चकती खाली उतरवावी लागते, पावडरीच्या गरम पाण्यात भिजवून घासावी लागते. आमच्या वहीत हे काम दर सोमवारी आहे आणि सगळ्या सोमवारांपुढे बरोबरच्या खुणा होत्या.

मी स्क्रूला पेचकस लावला तर तो गोल फिरून बाहेर आला. स्क्रूची खाच गेलेली. हाताखालच्या मुलांना विचारलं. जुना जो आहे तो म्हणाला, "उजवीकडचा निघत नाही ताई, बरेच दिवस झाले. डावीकडचा काढून दोन्हीला टिक करतो." मी ओरडणार होते, आणि तेवढ्यात आठवलं. मार्चमध्ये उजव्या ग्रुपचा गास्केट मीच बदलला होता. घाईत, अरुंद पात्याच्या पेचकसाने, मशीन गरम असताना, नको तेवढा जोर लावून. ती खाच मी घालवली होती.

तो काढायला तास गेला. आधी तीनदा बॅकफ्लश करून थर मऊ केला. मग शेजारच्या हार्डवेअरवाल्याकडून खाचेत पूर्ण भरेल असा रुंद पात्याचा पेचकस आणला. तो खाचेत घट्ट दाबून मुठीवर हातोडीने हलके दोन-तीन ठोके दिले आणि दाब न सोडता फिरवला. तिसऱ्या प्रयत्नात सुटला. जाळी निघाली तशी आतून काळी, ओलसर, डांबरासारखी वडी हातावर आली. पितळी चकतीची निम्मी भोकं त्याखाली गायब. वास जुन्या तेलाचा, खवट. त्याच्यातून गाळलेलं पाणी आम्ही किती आठवडे लोकांना देत होतो, हा हिशोब मी मुद्दाम केला नाही.

भिजवलं, घासलं, एकेक भोक उजेडाकडे धरून पाहिलं, नवा स्क्रू हाताने बसेल तेवढाच आवळला. दोन शॉट काढून ओतून दिले. त्यानंतर उ: २८, २९, २८. संध्याकाळी डा आणि उ दोन्हींचे शॉट शेजारी ठेवून चाखले, डोळे मिटून ओळखता येईना.

वहीत आता खूण करायची नाही, काय निघालं ते लिहायचं. "डावा: थोडी पूड. उजवा: स्वच्छ, स्क्रू सहज फिरला." मेकॅनिकला परत फोन केला नाही.

राहिला तो पोरगा. त्या रविवारच्या आधीचे दहा दिवस मी त्याला दुकान बंद झाल्यावर थांबवत होते. वजनकाटा काउंटरवर ठेवून त्यावर टॅम्पर दाबायला लावायचे, काटा १५ किलोवर येईपर्यंत, रोज पन्नास वेळा. पूड एकदा पूर्ण बसली की वरून दाब थोडा कमीजास्त झाल्याने फारसा फरक पडत नाही, टॅम्प सपाट असला की झालं. हे मला माहीत होतं. तरी करायला लावत होते, कारण शॉट बिघडत होते आणि तो नवा होता.

सोमवारी त्याला म्हटलं, "चूक माझी होती, पाण्याचं तू सांगितलं होतंस." तो "हो ताई" म्हणाला आणि कप पुसायला लागला. रात्री शटर ओढायच्या वेळी बघते तर त्याने काटा काउंटरवर काढून ठेवलेला, आणि टॅम्पर हातात घेऊन उभा.