दुसऱ्या वळणावरचा वास

दोरीवरून काढलेला प्रत्येक कपडा घडी घालण्याआधी मी नाकाला लावते. ही खोड आजीची. घरातले हसतात, पण मी बघत नाही असं वाटल्यावर त्यांनीही गुपचूप मोज्याचा वास घेतलेला मी पाहिलेला आहे.

तर मागे एका दुपारी गच्चीवर घड्या घालत होते. माझा पळायचा निळा टी-शर्ट हाती आला. नाकाला लावला. काही नाही, नुसतं ऊन. समाधानाने घडी घातली. दुसऱ्या दिवशी पहाटे तोच अंगात घालून साताऱ्याच्या समर्थ मंदिरावरून निघाले. यवतेश्वर घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत सगळं छान. दुसऱ्या वळणावर अंग तापलं, पाठीला घाम आला आणि काखेतून तो निघाला. आंबलेल्या ताकात कांदा चिरून ठेवलाय असा. तोही आजचा नव्हे. मागच्या महिन्याचा, कदाचित मागच्या पावसाळ्याचा. शेजारून पळणाऱ्या वहिनी एकदम दोन पावलं पुढे गेल्या. त्या कधीच पुढे जात नाहीत.

आता याच्यावर मी काय काय केलं नव्हतं? आजीकडून शिकलेलं सगळं केलं होतं.

आजी संगम माहुलीची. सुट्टीत आम्ही तिच्याकडे असायचो आणि धुणं म्हणजे नदीच. धाकटा मामा तालमीत जायचा. तिथली तांबडी माती म्हणजे ताक, हळद, लिंबू आणि तेल पाजलेली. त्यात तासभर लोळून आलेल्या माणसाचा लंगोट म्हणजे काय चीज असेल याची कल्पना करा. आजी तो आधी वेगळा काढायची. आठवड्यातून एकदा अंगणात चुलीवर डबा चढायचा, पाण्यात धुण्याचा सोडा पडायचा आणि मामाचे लंगोट, आजोबांच्या बंड्या, सगळं रटरट शिजायचं. मी काठीने ढवळायची. मग घाटावर दगडावर आपटणं, नदीत खळबळणं आणि परत आणून तारेवर. संध्याकाळी आजी एकेक उतरवायची, नाकाला लावायची आणि म्हणायची, "झालं, गेला मेला." मेला म्हणजे वास. मला बरीच वर्षं वाटायचं की वास हा कोणी इसम आहे आणि तो उन्हाला घाबरून संगमापलीकडे पळून जातो.

मी निळ्या टी-शर्टवर हेच केलं. उकळतं पाणी ओतलं, सोडा घातला, ब्रशने घासला, दिवसभर उन्हात टाकला. तो चुरगळला, छातीवरची अक्षरं तडकली, बगलेजवळचं लवचिक कापड सैल पडलं, वास मात्र आहे तिथेच. मग चिडून कपडे मऊ करायचं सुगंधी लिक्विड वापरलं. पुढच्या रविवारी दुसऱ्या वळणावर मोगरा आणि कांदा असा जोडीने वास आला. ह्यांनी सुचवलं, "अगं, टाकून दे की." तीनशे रुपयांचा टी-शर्ट. पण आता तो टी-शर्टचा प्रश्न राहिलाच नव्हता.

माझा भाचा इचलकरंजीला टेक्स्टाइल शिकतो. त्याला फोन केला तर तो आधी पोट धरून हसला आणि मग म्हणाला, "मावशी, तू कपडा धुतेसच कुठे, तू नुसता ओला करतेस."

त्याचं म्हणणं असं. शंभर ग्रॅम सुती कापड हवेतली सात-आठ ग्रॅम ओल सहज पोटात घेतं. पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमसुद्धा घेत नाही. म्हणून तर ते झटकन वाळतं आणि आपण ते पळायला घेतो. पण ज्याला पाण्याचं वावडं, त्याला तेलाची भारी ओढ. घामाला मुळात वास नसतोच. कातडीवरचे जंतू घाम आणि अंगचं तेल खातात आणि त्यातून वास होतो. तेल आणि तो वास सुती कापडातही जातो, पण सूत तो पोटात धरून ठेवतं, चारचौघांत बोलत नाही. पॉलिएस्टर तेलाचा पापुद्रा धाग्यावर जपतं आणि अंग तापलं की त्यातला वास मोकळा सोडतं. म्हणजे थंड टी-शर्टने माझ्या नाकाला फसवलं होतं. आजीच्या नाकाला ही लबाडी ठाऊकच नव्हती, तिच्या तारेवर सगळं सूतच.

बेल्जियममधल्या गेन्टच्या संशोधकांनी 2014 साली हे छापलंय म्हणे. 26 माणसांना तासभर जागच्या जागी सायकल मारायला लावली, त्यांचे टी-शर्ट 28 तास बंद पिशवीत ठेवले आणि मग वास घेणाऱ्यांच्या पुढे धरले. पॉलिएस्टरचे टी-शर्ट हरले. त्यांच्यावर मायक्रोकॉकस जातीचे जंतू सुतीपेक्षा जास्त माजले होते. मला त्या जंतूंपेक्षा ते वास घेणारे लोक जवळचे वाटले. पगार घेऊन हे काम करणारी माणसं जगात आहेत आणि आम्ही तारेखाली उभं राहून फुकट करतो.

"मग करू काय?"

"एन्झाइमवाली पावडर आण. आणि ते मोगऱ्याचं बंद कर, त्याचा थर बसतो धाग्यावर. तेल खाली, झाकण वर."

एन्झाइम म्हणजे कात्रीच. लायपेज नावाचं तेल कापतं, प्रोटिएज कातडीचे कण कापतं. पाकिटाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात एन्झाइम्स असा शब्द असतो, तो चष्मा लावून शोधायचा. पण ही कात्री सावकाश चालते. मशीनच्या अर्ध्या तासाच्या फेरीत तिची धार लागेपर्यंत पाणी वाहून जातं. तिला वेळ द्यायचा आणि कोमट पाणी द्यायचं. मी पुन्हा आधण ठेवायला निघाले होते, तेव्हा भाचा ओरडला. मग मला विरजण आठवलं. कढत दुधात विरजण लावलं तर दही लागत नाही, एवढं तर आपल्याला कळतं. एन्झाइम काही विरजणासारखं जिवंत नसतं, पण उकळत्या पाण्यात तेही मोडतं. आणि गार पाण्यात आळस करतं.

मग एका रविवारी पळून आल्या आल्या बसले. एक तांब्या उकळतं पाणी, तीन तांबे नळाचं. मनगट बुडवलं तर ऊबदार लागलं पाहिजे, चटका नाही. साधारण चाळीस अंश. त्यात पोह्याचा एक चमचा पावडर आधी नीट विरघळवली. टी-शर्ट उलटा केला, कारण मळ आतल्या बाजूला असतो हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. तो पूर्ण बुडवला, बादलीवर ताट ठेवलं आणि बादली गच्चीवर उन्हात. पाणी निवू नये म्हणून. उन्हाला आजवर मी शेवटचं काम देत होते, या वेळी पहिल्यापासून कामाला लावलं. तीन तासांनी पाणी पाहिलं तर डाळ धुतल्यासारखं गढूळ. धुतलेल्या टी-शर्टमधून. मी ह्यांना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, "बरं." नवरे असंच म्हणतात.

नंतर नेहमीसारखा धुतला आणि खळबळताना मात्र चिकाटी ठेवली. आमच्याकडे बोअरचं पाणी, चवीलाच जड. अशा पाण्यात तेलापासून केलेल्या खऱ्या साबणाची वडी घासली की पांढरा चिकट साका होतो आणि तोही धाग्यावर बसतो. म्हणून वडी नाही, पावडरच, तीही चमचाभर. पाणी बुळबुळीत लागेनासं होईपर्यंत तीन वेळा बदललं.

आता परीक्षा. घाट चढून वास घेणं परवडणारं नव्हतं. बगलेवर ओलं बोट फिरवलं, वर सुती रुमाल ठेवला, इस्त्री अगदी मंद करून दाबली आणि निघालेल्या वाफेत नाक घातलं. उजवी पास. डावीत अजून काहीतरी कुजबुजत होतं. थंड कापडाने हे कधीच कबूल केलं नसतं. डावीसाठी पुन्हा तसंच पाणी, या वेळी रात्रभर. सकाळी ती पण गप्प.

मग ऊन. उलटाच टाकला, बगला वर करून, वाळेपर्यंतच. ऊन ओल घेतं, उरल्यासुरल्या जंतूंना जाळतं, पण तेल काही नेत नाही. तेल आधी गेलं नसेल तर दिवसभर टांगून फक्त रंग उडतो आणि लवचिक धागा लेचापेचा होतो. पावसाळ्यात काय करायचं ते विचारू नका. साताऱ्याच्या पावसात चार दिवस घरातल्या दोरीवर राहिलेल्या कपड्याला जो कुबट वास येतो तो वेगळा इसम, त्याचं खातं वेगळं. पंखा लावून लवकर वाळवणं, एवढंच हातात आहे.

एक चूक सांगून टाकते. उत्साहाच्या भरात मी त्याच बादलीत माझी रेशमी ओढणी टाकणार होते. प्रोटिएजला कातडीचे कण आणि रेशीम यांतला फरक कळत नाही. दोन्ही प्रथिनंच. भाच्याने वेळेवर सांगितलं.

निळा टी-शर्ट चार रविवार घाट चढलाय. दुसऱ्या वळणावर मी मुद्दाम मान वाकवून हुंगते. वहिनी आता शेजारी पळतात. घरी आले की तो पिशवीत कोंबत नाही, लगेच पाण्यातून काढते. बस.

आजीचं शेवटी शेवटी नाक गेलं होतं. फोडणी जळली तरी कळायचं नाही. पण संध्याकाळी तारेवरचे कपडे ती उतरवायचीच. प्रत्येक कपडा नाकाला लावायची, जरा थांबायची आणि मग माझ्यापुढे धरायची. "बघ गं, गेला का?"

मी वास घ्यायची आणि म्हणायची, "गेला."

कधी कधी गेलेला नसायचा.