बटण गेमकडे फिरवलं की सगळं गप्प

जळगावात माझं इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचं दुकान आहे. मिक्सर म्हटलं की इथे समोर चटणीचंच भांडं येतं. म्हणून रावेरहून केळीवाले आप्पा मुलाला घेऊन आले आणि 'याचा मिक्सर बिघडला' म्हणाले, तेव्हा मी आधी मोटरचाच विचार केला. पिशवीतून निघाली तळहाताएवढी डबी. वर दोन मोठी गोल बटणं, मागे यूएसबी आणि आवाजाच्या ऑप्टिकल वायरीचं भोक, पुढे हेडसेटची पिन.

मुलगा पुण्याच्या चुलतभावाशी बोलत बोलत प्लेस्टेशन ४ वर खेळतो. गोळीबारात भावाचं बोलणं बुडतं, म्हणून भावाकडे आहे तशीच डबी याने मागवली. एक बटण आवाजाचं. दुसरं मधोमध ठेवलं की गेम आणि गप्पा दोन्ही पूर्ण ऐकू येतात, एका बाजूला फिरवलं की दुसरी बाजू हळूहळू मिटते. भावाकडे ती चालते, याच्याकडे नाही.

"गेमकडे फिरवलं की सगळंच बंद होतं काका. गप्पांकडे फिरवलं की दोन्ही येतं, पण वेगळं नाही होत."

निदान त्या वाक्यातच होतं, आणि मी ते ऐकून घेतलं नाही. 'बटण बाद' एवढंच माझ्या कानात शिरलं. डबी उघडली, बटणाखालचा आवाज कमीजास्त करणारा पॉट उतरवला, साफ केला, परत टाका मारला. फरक शून्य. आप्पा स्टुलावर बसून बघत होते. नवी वस्तू, त्यात वॉरंटीचं स्टिकर मी फाडलेलं.

मग लॅपटॉपला लावली. डबी पीसी मोडमध्ये टाकल्यावर तिथे एकाच डबीची दोन उपकरणं दिसतात, एक गेमचं आणि एक बोलण्याचं. एकात गाणं लावलं, दुसऱ्यात व्हिडिओ, बटण फिरवलं. गाणं मिटलं, व्हिडिओ उरला; उलट फिरवलं तर उलट. डबी ठणठणीत! ही पाच मिनिटांची तपासणी सोल्डरिंग गन तापवण्याआधी करायची असते. वीस वर्षं हेच काम करणाऱ्याला मी हे सांगायला नको, पण तो वीस वर्षंवाला मीच होतो.

आता मुलाने आणलेला कन्सोल बघितला. स्लिम. २०१६ च्या त्या मॉडेलला ऑप्टिकलचं भोकच नाही. भावाकडच्या जुन्या जाड पीएस-फोरला आहे. सगळी गोम इथे. या डबीत गेमचा आवाज ऑप्टिकलच्या वायरीने यायचा असतो आणि गप्पांचा यूएसबीने. दोन नळ्या वेगळ्या आल्या तरच डबी त्यांचं प्रमाण बदलू शकते. मुलाने फक्त यूएसबी लावली आणि `Output to Headphones` मध्ये `All Audio` ठेवलं. कन्सोलनेच गेम आणि गप्पा कालवून एका नळीत सोडल्या, आणि डबीच्या लेखी ती नळी म्हणजे गप्पा. गेमकडे फिरवलं की ती नळी बंद, म्हणून सगळं गप्प. वरणातून मीठ परत काढता येत नाही.

खोक्यावर 'PS4' लिहिलंय. खोटं नाही ते. पण कोणत्या, हे बारीक अक्षरातसुद्धा नाही.

आधी टीव्हीच्या ऑप्टिकलमधून गेमचा आवाज घेतला आणि कन्सोलवर `Chat Audio` केलं. वेगळं झालं, बटण चाललं, मुलगा हसला. पण बंदुकीचा उजेड आधी, आवाज मागून. टीव्हीचा डिजिटल आवाज पीसीएमवर, म्हणजे कॉम्प्रेस न करता, टाकल्यावर उशीर कमी झाला, गेला नाही. मुलगा म्हणाला, "पावलं उशिरा येतात." त्याला पावलांवरून माणूस ओळखायचा असतो, बरोबरच आहे.

शेवटी एचडीएमआय एक्स्ट्रॅक्टर मागवला. कन्सोल आणि टीव्हीच्या मधे तो बसतो, चित्र पुढे पाठवतो आणि आवाजाची ऑप्टिकल वायर बाजूला काढून देतो. त्यावरचा बारका स्विच दोन चॅनेलवर ठेवला, कारण कॉम्प्रेस न केलेला सहा चॅनेलचा ५.१ आवाज ऑप्टिकलमधून जातच नाही. चार दिवसांनी दोघं परत आले, जोडलं, पावलं वेळेवर.

पॉटच्या टाक्याचे पैसे मी घेतले नाहीत. आप्पांनी विचारलंही नाही, त्यामुळे त्यांना कळलं की नाही, ठाऊक नाही. ते एक्स्ट्रॅक्टर उलटसुलट करून बघत होते.

"भो, उद्या याने पाच नंबरवाला मागितला, तर त्याला भोक आहे का?"

"नाही आप्पा. त्यालाही नाही."

"मंग हा डबा जपून ठेव रे," ते पोराला म्हणाले, आणि पिशवी स्वतःच्या हातात घेतली.