डीपी जळाली आणि गव्हाचा एकरी नफा निम्म्यावर आला: माझा अनुभव

गव्हाचा एकरी हिशोब मी यंदा पहिल्यांदाच पैशापैशाने लिहून काढला, आणि तोही रागाच्या भरात. दोन एकर गहू, बियाणं तेच, खत तेच, पेरणी एकाच दिवशी. तरी एका एकरात १६ क्विंटल झाला आणि दुसऱ्यात साडेअकरा. फरक फक्त पहिल्या पाण्याचा होता. ते पाणी अडलं होतं जळालेल्या डीपीमुळे, म्हणजे आमच्या मोटरींना वीज देणाऱ्या रोहित्रामुळे, आणि डीपी अडली होती वीज कार्यालयात.

पेरणी १० नोव्हेंबर २०२४ ला केली. सोयाबीन निघालेलं रान, दोन वेळा रोटाव्हेटर मारून ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राने फुले समाधान पेरला, एकरी ४० किलो. वेळेवरच्या पेरणीला एवढं बियाणं पुरतं. डिसेंबरात पेरणार असाल तर पन्नासच्या पुढे जावं लागतं, कारण उशिराच्या गव्हाला फुटवे कमी येतात. पेरताना एकरी एक गोणी डीएपी आणि अर्धी गोणी पोटॅश दिलं. युरियाच्या दोन गोण्यांपैकी एक पेरणीला दिली, दुसरी पहिल्या पाण्यासाठी ठेवली. उगवण सुरेख झाली. इथपर्यंत सांगण्यासारखं काहीच घडलं नाही.

२४ नोव्हेंबरच्या रात्री डीपी जळाली. पेरणीचा तो चौदावा दिवस होता. सकाळी मी आणि दोघे जण वीज कार्यालयात गेलो. "नोंद करून घेतो, दोन दिवसांत बघू," असं उत्तर मिळालं. दोन दिवसांनी सांगितलं, दुरुस्त झालेलं रोहित्र शिल्लक नाही. चौथ्या दिवशी कळलं की ऑइल आलेलं नाही. सातव्या दिवशी टेबलावरच्या माणसाने विचारलं, "तुमचा अर्ज कुठे आहे?" पहिल्या सकाळी त्यानेच आमची नावं एका वहीत लिहून घेतली होती. ती वही कोणाला सापडेना. म्हणजे सात दिवस आमची तक्रार कागदावर नव्हतीच.

त्या दिवशी आम्ही डीपीवरच्या चौदाही जणांच्या सह्यांचा अर्ज दिला, त्याच्या प्रतीवर पोच घेतली आणि १९१२ वर फोन करून तक्रार क्रमांक घेतला. हे दोन्ही पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. ग्रामीण भागात जळालेलं रोहित्र ४८ तासांत बदलून द्यायचं असतं आणि उशीर झाला तर भरपाईची तरतूदही आहे. पण ते ४८ तास तक्रारीच्या नोंदीपासून मोजतात. तोंडी सांगितलेल्या तक्रारीला ना तारीख असते ना वेळ. वहीत नाव लिहून घेतलं म्हणजे नोंद झाली, असं कोणीही समजू नका.

आता एकविसाव्या दिवसाचं सांगतो, कारण एवढी घाई कशासाठी, हे कार्यालयात शेवटपर्यंत कोणालाच पटलं नाही. "अहो, गहू हिरवागार आहे ना अजून, आठ दिवसांनी काय बिघडतं?" हे वाक्य मी तिथे तिघांकडून ऐकलं. गहू वरून हिरवा दिसतो हे खरं आहे. पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांत रोपाला जमिनीलगत मुकुटमुळं फुटतात, आणि पुढे फुटव्यांना पोसतात ती हीच मुळं. ती ज्या थरात फुटतात तो थर सगळ्यात आधी वाळतो. बियाण्यातून खाली गेलेली मुळं ओलीपर्यंत पोचलेली असतात, म्हणून रोप मरत नाही आणि पानंही पिवळी पडत नाहीत. फुटवे मात्र थांबतात.

पंचविसाव्या दिवशी मी कोरड्या एकरातलं एक रोप खुरप्याने मातीसकट उचललं. दाण्याच्या वर, बोटभर अंतरावर, खोडाला गाठ होती. त्या गाठीतून दोन-तीन पांढरे कोंब निघाले होते, तांदळाच्या कणीएवढे, आणि टोकाशी तपकिरी होऊन तिथेच थांबले होते. फुटवा एकच होता, तोही सुतासारखा. मग दुसऱ्या एकरातलं रोप उपटलं. त्याला ओल्या मातीचा गोळा घट्ट धरून आला. धुऊन पाहिलं तर गाठीभोवती पांढऱ्या जाड मुळांचं झुपकं होतं आणि फुटवे चार. वरून दोन्ही रोपांची उंची जवळपास सारखीच होती.

दुसऱ्या एकराला पाणी मिळालं ते शेजारच्या अण्णांमुळे. त्यांची विहीर वेगळ्या डीपीवर आहे. त्यांचाही गहू तेव्हाच पाण्यावर आलेला, तरी ते म्हणाले, "एक रात्र देतो, पाइप तू आण." बाविसाव्या दिवशी रात्री सहाशे फूट पाइप जोडला. आठ तासांच्या पुरवठ्यात पाच एचपीच्या मोटरवर जेमतेम एक एकर भिजतो, तेवढाच भिजला. पाइपाचं भाडं आणि अण्णांना दिलेले पैसे मिळून १,२०० रुपये गेले. त्या रात्री मला ते फार वाटले होते.

डीपी आली ११ डिसेंबरला, सतराव्या दिवशी. आणायला गाडी आमचीच होती, वर्गणी काढून केलेली. माझ्या वाट्याला ७०० रुपये आले. कोरड्या एकराला पहिलं पाणी १२ डिसेंबरला, बत्तिसाव्या दिवशी मिळालं. युरियाची राखलेली गोणी तोवर घरातच ठेवली. कोरड्या रानावर युरिया फेकला तर त्यातलं बरंचसं नत्र वायू होऊन उडून जातं, म्हणून पाण्याशिवाय टाकू नका. पहिलं पाणी धरून दोन्ही एकरांना पाण्याच्या पाळ्या पाचच झाल्या. कांडी धरताना, फुलोऱ्यात आणि दाण्यात चीक भरताना कुठेच खंड पडू दिला नाही. पण गेलेले फुटवे काही परत आले नाहीत. उशिरा जे थोडे आले त्यांच्या ओंब्या लहान राहिल्या आणि दाणे सुरकुतले.

काढणीआधी किती गहू होईल हे बघायची सोपी रीत आहे. शेतात चार-पाच ठिकाणी एक मीटर ओळ मोजायची आणि तेवढ्यातल्या ओंब्या मोजायच्या. माझ्या ओळी साडेबावीस सेंटीमीटरवर होत्या. वेळेवर पाणी मिळालेल्या एकरात मीटरला सरासरी ७६ ओंब्या भरल्या, उशिराच्या एकरात ५७. नुकसान किती होणार हे मला त्याच दिवशी कळलं.

खर्चाचा हिशोब असा झाला. मशागत आणि पेरणीला एकरी ३,४०० रुपये. बियाणं आणि बीजप्रक्रिया २,१५०. डीएपी १,३५०, युरियाच्या दोन गोण्या ५३३ आणि पोटॅश ८००, म्हणजे खताला २,६८३. तणनाशक आणि त्याची फवारणी ७५०. पाण्याच्या पाच पाळ्यांना मजूर ३,०००, कारण रात्रपाळीला ६०० च्या खाली माणूस येत नाही. हार्वेस्टर २,२००. सगळे मिळून १४,१८३ रुपये, दोन्ही एकरांना सारखेच. वीजबिल यात नाही, कारण साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांचं बिल राज्यात सध्या माफ आहे. म्हणून पाण्याचा खर्च शून्य धरणारे लोक मी पाहिलेत. माझ्या हिशोबात मात्र पाण्याची मजुरी खतापेक्षा जास्त भरली.

एप्रिलमध्ये दोन्ही एकरांचा माल वेगवेगळा नेला. त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला २,४२५ होता. बाजार समितीत भरीव मालाला २,६०० मिळाले, बारीक दाण्याच्या मालाला २,४५०. गोणी, वाहतूक, हमाली आणि तोलाई मिळून क्विंटलमागे १०० रुपये गेले.

वेळेवरच्या एकराचे १६ क्विंटलचे ४१,६०० आले. त्यातून १,६०० बाजारखर्च, १४,१८३ शेतीखर्च आणि अण्णांच्या पाण्याचे १,२०० वजा करून हातात २४,६१७ राहिले. उशिराच्या एकराचे साडेअकरा क्विंटलचे २८,१७५ आले. त्यातून १,१५०, १४,१८३ आणि डीपीची वर्गणी ७०० गेले, उरले १२,१४२. उत्पन्नात घट २८ टक्के, आणि नफा थेट निम्म्यावर. कारण खर्च तर दोन्हीकडे होऊनच गेला होता. कमी झालेले साडेचार क्विंटल सगळे नफ्यातूनच गेले.

यात माझी आणि घरच्यांची मजुरी धरलेली नाही, जमिनीचा खंडही नाही. खंडाने केलेली जमीन असती आणि हंगामाला दहा हजार मोजावे लागले असते, तर उशिराच्या एकरात चार महिन्यांचे दोन हजार उरले असते. भुशाचेही पैसे नाहीत, हार्वेस्टरने तो रानातच पसरला. ज्यांच्याकडे जनावरं आहेत त्यांनी मळणीयंत्राचा विचार करावा. मजुरी जास्त जाते, पण भुसा हाती लागतो.

एक गोष्ट आधी सांगायची राहिली. डीपी जळाली का, तेही आम्ही मागाहून शोधलं. ती ६३ केव्हीएची, आणि तिच्यावर पाच एचपीच्या चौदा मोटरी. सगळ्या एकदम चालल्या तर ती तिच्या ताकदीच्या पुढे जाते. त्यात जवळपास प्रत्येकाच्या स्टार्टरला ऑटो स्विच. रात्री लाइट आली की जवळपास सगळ्या मोटरी एकाच क्षणी उठतात, आणि मोटर सुरू होताना चालू मोटरीच्या कितीतरी पट करंट ओढते. त्या आठवड्यात रात्रीचा पुरवठा होता आणि सगळ्यांचा गहू एकाच वेळी पहिल्या पाण्यावर आला होता.

आता आम्ही ऑटो स्विच काढलेत आणि सात-सात जणांच्या पाळ्या लावल्यात. दुसऱ्या डीपीसाठीचा अर्ज जून २०२५ मध्ये दिला. या वेळी पोच घेतलेली प्रत प्रत्येकाच्या घरी आहे.